कात्रीमावशीचा श्वास आणि तोंडातल्या टाचण्या

कात्रीमावशीच्या फुप्फुसात दोऱ्याचा गुंडाळा सापडला, लिंबाएवढा, आणि तो डॉक्टरांनी बाटलीत घालून ठेवलाय, ही बातमी गल्लीत मंगळवारी सकाळी फुटली. दुपारपर्यंत लिंबाचं संत्रं झालं होतं. संध्याकाळी कुणीतरी दोऱ्याचा रंगही सांगितला: जांभळा. मावशीने गेल्या हिवाळ्यात कुणाचातरी जांभळा कोट शिवला होता, त्यामुळे पुरावाही हातात होता.

यात खरं एवढंच होतं की मावशी छातीच्या डॉक्टरांकडे जाऊन आल्या होत्या. गुंडाळा नव्हता, बाटली नव्हती. फोटोत फुप्फुसं अशी स्वच्छ निघाली होती की डॉक्टरांनी तो फोटो उजेडाला धरून मावशीच्या नवऱ्याला कौतुकाने दाखवला. पण स्वच्छ फुप्फुसांची बातमी कोण कुणाला सांगणार? ती वरच्या मजल्यावरच्या काकूंपर्यंत पोचलीच नाही, आणि काकूंपर्यंत पोचली नाही ती बातमी आमच्या गल्लीत झालीच नाही असं समजतात.

मावशी कापडं कापायच्या. शिवायच्याही, पण त्यांचं नाव झालं ते कापण्यात. घराची पुढची खोली म्हणजे दुकान. मध्ये लांबलचक टेबल, त्याच्या कडेला पितळेची पट्टी ठोकलेली, भिंतीवर कागदी नमुने खिळ्याला टांगलेले, कोपऱ्यात इस्त्री आणि दोन मशिनं. टेबलावर सगळ्यात मोठी जागा कात्रीची. काळी, वजनदार, वडलांकडून आलेली. ती कात्री दुसऱ्या कुणी कागद कापायला उचलली तर मावशी अशा बघायच्या की माणूस कागद हाताने फाडायला लागायचा. नवरा चाळीस वर्षं बस चालवून घरी बसलेला, त्याला सगळे ड्रायव्हरकाका म्हणत. तो म्हणायचा, लग्नात मला बायकोबरोबर सवत आली, आणि तीही लोखंडाची.

दम लागायला सुरुवात झाली त्याला दोन वर्षं झाली. एक मोठी सर्दी झाली, खोकला महिनाभर रेंगाळला, आणि तो गेला तेव्हा मागे काहीतरी ठेवून गेला. टेबलाशी उभं राहिलं की छाती आवळायची. श्वास घ्यायचा, पण तो तळाशी पोचल्यासारखा वाटायचा नाही. मग मोठा घ्यायचा, मग त्याहून मोठा. जांभया यायच्या, सुस्कारे यायचे. बोटांना मुंग्या, ओठांभोवती मुंग्या, डोकं हलकं, आणि मग मावशी स्टुलावर बसून दाराची चौकट धरायच्या. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी सर्दीच्या वेळी निळा पंप दिला होता, तो चालू राहिला. आधी दिवसातून एकदा, मग चारदा, मग आठदा. पंप मारला की हात थरथरायचे, छातीत धडधड व्हायची, आणि धडधड झाली की मावशीला वाटायचं, आता संपलंच.

निदान गल्लीने केव्हाच करून टाकलं होतं. कापडाची उडती लव. चाळीस वर्षं ती नाकातोंडात गेली, आता दमा झाला, हे सांगायला डॉक्टर कशाला हवा. आणि झटका यायचा तो बहुतेक वेळा कापायच्या टेबलाशीच, त्यामुळे मावशीचाही त्यावर विश्वास बसला. मुलाचा तर इतका बसला की त्याने पाटी करून आणली: ‘जागा भाड्याने देणे आहे.’ मोबाइलची कव्हरं विकणारा एक जण तयारही होता. मुलगा वाईट नव्हता. आईला चौकट धरून बसलेली बघून तो हातातलं काम टाकून धावत यायचा. तो म्हणाला, पुढच्या महिनाअखेर दुकान बंद, आता घरात आराम कर. पाटी मावशीने तोंड भिंतीकडे करून उभी केली आणि तिच्यावर मापाची टेप टांगली. पण त्या दिवशी त्यांनी टेबलाच्या पितळी पट्टीवरून तीनदा हात फिरवला, हे ड्रायव्हरकाकांनी पाहिलं.

झटका आला की सगळ्यात आधी काकू खाली यायच्या. त्यांचे कान तिसऱ्या मजल्यावर होते, पण पाय तळमजल्यावरच असायचे. त्या मावशीसमोर उभ्या राहून स्वतःचे हात वर नेत म्हणायच्या, मोठ्ठा श्वास घ्या, अजून मोठ्ठा, भरून घ्या. मावशी भरून घ्यायच्या आणि आणखी गरगरायच्या. एकदा काकू कागदी पिशवी घेऊन आल्या, तिच्यात श्वास सोडायचा म्हणून. पिशवीत आदल्या दिवशीच्या लसणाचा वास होता. मावशीने तशा अवस्थेतही नाक मुरडलं, आणि ते बरंच झालं. पुढे छातीच्या डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, पिशवीचा खेळ कधीच नको, दम कशाने लागलाय ते माहीत नसताना तर तो जिवावर बेतू शकतो.

तर हे छातीचे डॉक्टर. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनीच चिठ्ठी देऊन पाठवलं. म्हणाले, आठदा पंप मारून जो दमा हलत नाही, तो दमाच आहे का हे एकदा बघायला हवं. मोठे डॉक्टर कमी बोलणारे निघाले. त्यांनी विचारलं, रात्री खोकल्याने, दम लागून जाग येते का. ड्रायव्हरकाका मध्येच म्हणाले, ही ढाराढूर झोपते हो, चोर आले तर त्यांनाच हिला उठवावं लागेल. डॉक्टरांनी वहीत काहीतरी लिहिलं. जिना चढताना जास्त होतं का? कधी होतं, कधी नाही. बसल्या बसल्या होतं का? होतं. जांभया? मावशीने उत्तरादाखल एक दिलीच.

मग काचेच्या खोलीत नाकाला चिमटा लावून नळीत फुंकायची चाचणी. यंत्रापाशी बसलेला माणूस ओरडत होता, फुंका, फुंका, अजून फुंका, सोडू नका. तीनदा फुंकून झालं, मग औषधाची वाफ देऊन पुन्हा तीनदा. पाचव्या खेपेला मावशीने खुर्चीचा हात घट्ट धरला. बोटांत मुंग्या आल्या, ओठ बधिर झाले, खोली फिरायला लागली. त्या म्हणाल्या, हेच, हेच होतं मला दुकानात. डॉक्टरांनी बोटाला चिमटा लावला. रक्तातला ऑक्सिजन नव्याण्णव. यंत्रावरचा आलेख सरळ आणि देखणा, वाफेच्या आधी जसा तसाच नंतर. मावशीला दम लागलेला होता आणि श्वासनळ्या आरामात उघड्या होत्या.

तरी डॉक्टरांनी घाई केली नाही. हृदयाचा आलेख काढला, रक्त तपासलं, श्वासनळ्या चिडतात का हे बघायची आणखी एक चाचणी केली. आणि घरी न्यायला एक छोटं फुंकायचं यंत्र दिलं: दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ फुंकायचं, आकडा लिहायचा, झटका आला तर तेव्हाही फुंकायचं. वही ड्रायव्हरकाकांनी ताब्यात घेतली. चाळीस वर्षं बसच्या फेऱ्या लिहिलेला माणूस, त्याने तारीख, वेळ, हवामान आणि ‘शेरा’ असा एक रकानाही आखला. दोन आठवड्यांनी वही उघडली तर आकडा रोज जवळजवळ तोच. दोनदा झटका आला तेव्हाही तोच. शेऱ्याच्या रकान्यात काकांनी लिहिलं होतं, ‘गाडी ठीक, ड्रायव्हर घाबरलेला.’ डॉक्टर ते वाचून पहिल्यांदा हसले.

मग त्यांनी समजावून सांगितलं. मावशी, दमा नाही. तुम्हाला हवा कमी पडत नाही, तुम्ही गरजेपेक्षा जास्त घेताय. छातीच्या वरच्या भागाने, तोंडाने, भराभर. इतका श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो. तो नुसता टाकाऊ वायू नाही, त्याचं एक प्रमाण शरीराला लागतं. ते उतरलं की मुंग्या येतात, गरगरतं, छाती आवळते, आणि गंमत म्हणजे श्वास अपुरा वाटतो. अपुरा वाटला की माणूस अजून ओढतो. तिथेच फेरा सुरू होतो.

मावशीचा चेहरा उतरला. त्यांनी हळूच विचारलं, “म्हणजे मी नाटक करते, असंच ना?”

“नाही,” डॉक्टर म्हणाले. “त्रास शंभर टक्के खरा आहे. फक्त कारण दुसरं आहे. सर्दीत श्वासाला एक सवय लागली, सर्दी गेली, सवय राहिली. सवय मोडता येते.”

पंप बंद करायला सांगितला, आणि दारापर्यंत येऊन बजावलं की हे चाचण्या झाल्यात म्हणून तुमच्यापुरतं आहे, ज्याला खरा दमा आहे त्याने असा पंप सोडला तर महागात पडेल. काकूंच्या जावेला खरा दमा होता, त्यामुळे हे वाक्य मावशीने काकूंना दोनदा ऐकवलं. जांभळ्या दोऱ्याची बातमी फुटली ती याच आठवड्यात.

सवय मोडायला त्यांना दवाखान्याच्याच खालच्या मजल्यावरच्या फिजिओथेरपिस्ट मुलीकडे पाठवलं. ही मुलगी मावशीच्या मुलाच्या वयाची, केस वर बांधलेले, आवाज मऊ. तिने मावशीचं मनगट धरलं आणि नाडी मोजत असल्याचं सोंग करून श्वास मोजले. बसल्या जागी मिनिटाला चोवीस, आणि मध्ये तीन सुस्कारे. मग मावशीला पलंगावर झोपवलं, एक हात छातीवर, एक पोटावर. छातीचा हात डोंगरासारखा वर-खाली, पोटाचा हात ढिम्म.

धडा अगदी साधा होता आणि गल्लीच्या सगळ्या सल्ल्यांच्या उलटा. तोंड बंद. नाकाने. मोठा श्वास नाही, छोटा. पोटावरचा हात उचलला जाईल इतकाच, आवाज न करता. सोडताना घ्यायच्या वेळेपेक्षा सावकाश, आणि सोडून झाल्यावर क्षणभर थांबायचं, पुढचा आपोआप येऊ द्यायचा. सुस्कारा यावासा वाटला तर एक आवंढा गिळायचा आणि पुन्हा छोट्यावर यायचं. थोडी हवेची भूक वाटेल, पहिले काही दिवस वाटेलच, तेवढी सोसायची, पण गुदमरेपर्यंत नाही. दहा मिनिटं सकाळी, दहा मिनिटं संध्याकाळी.

मावशीने विचारलं, इतक्याशा हवेवर माणूस जगतो? मुलगी म्हणाली, मावशी, मी आत्ता तेवढ्यावरच बोलतेय.

तीन आठवड्यांत घरात फरक पडला. चोवीसचे सोळा झाले, मग चौदा. सुस्कारे कमी झाले तेव्हा ड्रायव्हरकाकांना चुकल्यासारखं व्हायला लागलं. दोन वर्षं प्रत्येक सुस्काऱ्याला ते मनातल्या मनात आपण काय चुकलो हे शोधायचे, आता फावला वेळ मिळाला. मावशीने ठरवलं, आता टेबलाशी उभं राहायचं. कापड पसरलं, खडूने रेघा मारल्या, कात्री उचलली. पहिला लांब काप झाला आणि छाती आवळली. दुसरा झाला आणि बोटांना मुंग्या. तिसऱ्याला स्टूल, चौकट, काकू.

त्या संध्याकाळी मुलाने पाटी भिंतीकडून फिरवली. भांडण झालं नाही. तो एवढंच म्हणाला, “आई, महिना संपायला नऊ दिवस आहेत. घरात बरी असतेस, दुकानात नाही. म्हणजे दुकानातच काहीतरी आहे ना?”

आणि इथे मुलगा बरोबर होता. दुकानातच काहीतरी होतं, फक्त ते हवेत उडत नव्हतं.

फिजिओथेरपिस्टकडच्या पुढच्या भेटीला मावशी रडवेल्या होत्या. लव चावते मला, असं म्हणाल्या. मुलीने विचारलं, दुकानात रोज होतं का, प्रत्येक कामाला? मावशी विचार करायला लागल्या. इस्त्रीला नाही. मशिनवर क्वचित. आणि टाचण्या लावायच्या दिवशी तर कधीच नाही. गिऱ्हाईक उभं करून अंगावर कापड टाचायचं असलं की तास-तास जातो, पण दम लागत नाही. लव तर तेव्हाही उडते.

“टाचण्या कुठे असतात तेव्हा?” मुलीने विचारलं.

“कुठे म्हणजे? तोंडात. ओठांत धरलेल्या.”

ड्रायव्हरकाका म्हणाले, घरातला सगळ्यात शांत वेळ असतो तो. मुलगी मात्र खुर्चीतून उठली होती. ओठांत टाचण्या म्हणजे तोंड बंद. तोंड बंद म्हणजे नाकाने, आणि टाचणी गिळायची भीती म्हणजे जोरात ओढायची सोय नाही. मावशी तासभर नकळत तोच धडा गिरवत होत्या, जो ती पलंगावर शिकवत होती. तिने आधी बजावलं की टाचण्या तोंडात धरणं आजपासून बंद, उशी मनगटाला बांधा, नाहीतर पुढच्या वेळी खरंच फुप्फुसातून काहीतरी काढावं लागेल. मग म्हणाली, उद्या कात्री घेऊन या. मला तुम्हाला कापताना बघायचंय.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या पलंगावर जुनी चादर पसरली. मावशीने पिशवीतून कात्री काढली तेव्हा शेजारच्या खोलीतला गुडघ्याचा पेशंट दोन पावलं मागे सरकला. खडूची रेघ मारली. कात्री लागली. मुलगी घड्याळाकडे बघत होती. पाच सेकंद, दहा, पंधरा, अठरा. रेघ संपली, कात्री थांबली, आणि मावशीने उघड्या तोंडाने तीन प्रचंड श्वास ओढले, पाण्याखालून वर आल्यासारखे.

“मावशी, अठरा सेकंद तुम्ही श्वासच घेतला नाहीत.”

“घ्यायचाच नसतो,” मावशी म्हणाल्या, जणू मुलीने दोऱ्याला गाठ मारायची की नाही असं विचारलं होतं. “कात्री चालू, श्वास बंद. नाहीतर हात हलतो. बाबांनी बारा वर्षांची असताना शिकवलंय.”

आपण श्वास रोखतो हे सांगायला त्या कुणाकडे गेल्याच नव्हत्या, कारण त्यांच्या लेखी तो श्वास नव्हता, ते काम होतं. दिवसाला शंभर काप. प्रत्येक कापाला श्वास कोंडून ठेवायचा आणि संपला की तीन घोट गिळायचे. तरुणपणी शरीराने ते चालवून घेतलं. सर्दीनंतर श्वासाचं गणितच बिघडलेलं, त्यावर हे. वडलांनी दिलेल्या कात्रीबरोबर वडलांचा श्वासही त्या चाळीस वर्षं वापरत होत्या.

मुलीने सांगितलं, श्वास सोडताना कापा. बाबांचा शब्द एका चादरीवर मोडायचा हे मावशीला पटेना. शिवाय कापडाची अडचण खरी होती. रेघेच्या मध्येच कात्री थांबवून मिटली तर तिच्या टोकाने कापडाला दात पडतो, कड खडबडीत होते. हे मुलीला माहीत नव्हतं, मावशीने तिला समजावलं. आणि समजावता समजावता स्वतःच थांबल्या. कात्री मिटायची कशाला? पाती अर्धी उघडी ठेवून थांबलं तर दात पडत नाही. लांब कापात हात पुढे सरकवताना त्या तसंच तर करायच्या. मग त्याच जागी एक छोटासा श्वास आत घ्यायला कोण अडवतंय?

सावकाश सोडता सोडता वीतभर कापायचं. पाती उघडी ठेवून थांबायचं. नाकाने थोडासा आत. पुन्हा सोडत वीतभर. चादर संपली, कड सुतासारखी सरळ. मावशीने ती बोटाने तपासली, दोनदा, आणि तिसऱ्यांदा बाबांच्या वतीने.

महिना संपायला चार दिवस उरले असताना पोस्टातल्या बाई निळं रेशीम घेऊन आल्या. कोट हवा होता, लांब, पायघोळ. कापड एवढंच, पुन्हा मिळणार नाही, ते विणणारी गिरणीच बंद पडलेली. मुलगा तेव्हा दारात होता, कव्हरवाल्याला खोली दाखवायची वेळ त्याने त्याच संध्याकाळची दिली होती. तो म्हणाला, आई, हे नको घेऊस. मावशीने रेशीम टेबलावर पसरलं.

तोंड मिटलेलं, टाचण्या मनगटावरच्या उशीत. कात्री लागली. वीतभर, थांबा, छोटा श्वास. वीतभर, थांबा. मध्यावर आल्यावर छाती आवळली. जुन्या ओळखीचा तो आवळणारा हात आला, गळ्याखाली बसला. मुलाने पाऊल उचललेलं ड्रायव्हरकाकांनी पाहिलं आणि त्याची बाही धरली. मावशीने पाती उघडी ठेवली. खांदे खाली सोडले. एक आवंढा गिळला. मोठा श्वास घ्यायची इच्छा घशापर्यंत आली होती, तिला त्यांनी उभंच ठेवलं, आलेल्या गिऱ्हाइकाला हातातलं काम संपेपर्यंत बसवावं तसं. नाकाने थोडासा आत, सावकाश बाहेर. आणखी एकदा. आणखी एकदा. छातीवरची पकड सैल झाली, सगळी नाही, पण कापण्यापुरती. कात्री पुढे निघाली आणि रेघेच्या शेवटाला जाऊन थांबली.

स्टूल कोपऱ्यातच राहिलं. पोस्टातल्या बाईंना काहीच कळलं नाही, त्या बटणं निवडत होत्या.

मुलाने कव्हरवाल्याला फोन करून नाही म्हणून सांगितलं. मग पाटी उचलून म्हणाला, हिचं आता काय करू. मावशीने पाटी हातात घेऊन दोन बाजूंनी बघितली, गुळगुळीत आहे म्हणाल्या, आणि तिच्या मागच्या बाजूची कॉलर इस्त्री करायची फळी करून टाकली. अजूनही झटके पूर्ण गेलेले नाहीत, महिन्यातून एखादा डोकावतो. पण तो आला की मावशी चौकट धरत नाहीत, उभ्या उभ्या त्याला वाटेला लावतात. निळा पंप डॉक्टरांकडे परत गेला. फुंकायचं छोटं यंत्र काकांनी ठेवून घेतलं, ते स्वतः फुंकतात आणि शेरे लिहितात.

काकूंना हे सगळं पटायला वेळ लागला. गुंडाळा नाही, बाटली नाही, गोळ्या नाहीत, मग दोन महिने दवाखान्यात चाललं तरी काय होतं? एक दिवस ब्लाउज घ्यायच्या निमित्ताने त्या दुकानात आल्या, स्टूल ओढून बसल्या आणि अर्धा तास सगळ्या गल्लीचे आजार सांगून झाल्यावर मुद्द्यावर आल्या: खरं सांगा मावशी, शेवटी औषध दिलं तरी काय?

मावशीने कात्री अर्धी उघडी ठेवून थांबवली, नाकाने छोटासा श्वास घेतला आणि म्हणाल्या, “तोंड बंद ठेवायला सांगितलंय. साधं औषध आहे, तुम्हीही घेऊन बघा.”